एक कोअर, तीन वाटण्या: कोथरूडच्या एका सोसायटीतल्या तीन तक्रारी

कोथरूडमधली तीन इमारतींची, ४८ फ्लॅटची सोसायटी. केबल टीव्ही आणि इंटरनेट दोन्ही एकाच स्थानिक ऑपरेटरचं. त्याची कंट्रोल रूम तिथून फायबरच्या मापाने ४ किलोमीटरवर, आणि तिथपर्यंत मोकळी कोअर, म्हणजे केबलमधला काचेचा धागा, एकच. दुसरी टाकायची तर रस्ता खोदाईची परवानगी काढा, नाहीतर आणखी एक केबल खांबावरून लटकवा. दोन्ही गोष्टी त्याला नको होत्या. त्यामुळे टीव्ही, नेटचा जाणारा डेटा आणि नेटचा येणारा डेटा असे तिन्ही प्रवाह त्याच एका केसाएवढ्या काचेतून चालतात. पुण्यात अशी मांडणी आता सर्रास दिसते, यात नवं काही नाही.

मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते वेगळ्या कारणाने. या एकाच कोअरवर वाटणीच्या तिन्ही पद्धती एकात एक बसलेल्या आहेत. प्रकाशाच्या तरंगलांबीनुसार वाटणी, त्यातल्या एका रंगात वारंवारतेनुसार वाटणी आणि उरलेल्या दोन रंगांत वेळेनुसार वाटणी. गणपतीनंतरच्या काही आठवड्यांत इथे ज्या तीन तक्रारी आल्या, त्यांतली प्रत्येक यातल्या वेगळ्या वाटणीची निघाली. लिंक कशी वाटली आहे यावर बिघाड कुणाच्या घरी आणि कसा दिसणार हे ठरतं. वाटणी डोक्यात पक्की असेल तर निम्मा शोध फोनवरच होतो.

आधी मांडणी. कंट्रोल रूममध्ये ओएलटी आहे, जीपॉन प्रकारची. जीपॉन म्हणजे एका फायबरवरून फाटे काढून अनेक घरांना नेट देणारी पद्धत, आणि ओएलटी म्हणजे तिचं ऑपरेटरकडचं यंत्र. ती घरांकडे १४९० नॅनोमीटरवर प्रकाश पाठवते, सेकंदाला २.४८८ गिगाबिट. घरातली ओएनयू, म्हणजे लोकांच्या भाषेत 'नेटचा डबा', उलट दिशेने १३१० नॅनोमीटरवर १.२४४ गिगाबिटने बोलते. टीव्हीचा सिग्नल १५५० नॅनोमीटरवर येतो. तो ईडीएफए या प्रकाश-ॲम्प्लिफायरमधून वाढवून १४९० बरोबर एका डब्ल्यूडीएम, म्हणजे रंग एकत्र करणाऱ्या, फिल्टरमधून त्याच कोअरमध्ये घातला जातो. सोसायटीच्या गेटवर प्रकाश चार फाट्यांत वाटणारा १:४ स्प्लिटर आहे. त्याच्या तीन तारा ए, बी, सी इमारतींत जातात आणि प्रत्येक इमारतीत १:१६ स्प्लिटर आहे. घरात पोचल्यावर ओएनयूच्या पोटातला छोटा फिल्टर रंग पुन्हा वेगळे करतो. १४९० डेटाच्या रिसीव्हरकडे आणि १५५० टीव्हीच्या रिसीव्हरकडे जातो. तिथून टीव्हीचा सिग्नल साध्या कोॲक्सवरून, म्हणजे टीव्हीच्या नेहमीच्या गोल केबलवरून, सेट टॉप बॉक्सला मिळतो.

तरंगलांबीची वाटणी मुळात वारंवारतेचीच वाटणी आहे, फक्त प्रकाशाच्या पट्ट्यात केलेली. १५५० नॅनोमीटर म्हणजे सुमारे १९३ टेराहर्ट्झ. १४९० आणि १५५० यांच्यातलं अंतर जवळजवळ ८ टेराहर्ट्झ भरतं. आपल्या केबल टीव्हीचा सगळा पट्टा ४७ ते ८६२ मेगाहर्ट्झ, म्हणजे एका गिगाहर्ट्झच्याही आत. दोन रंगांमधली नुसती मोकळी जागाच सगळ्या टीव्हीपट्ट्याच्या हजारो पट मोठी आहे. म्हणूनच ते वेगळे करायला ट्यूनर लागत नाही, स्वस्तातला पातळ थरांचा काचेचा फिल्टर पुरतो. आणि म्हणूनच टीव्ही आणि नेट एकमेकांच्या वेळापत्रकाशी बांधलेले नाहीत. एकाचा लेसर बंद पडला तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही.

पहिली तक्रार आली ती बी इमारतीतून. टीव्ही गेला, नेट व्यवस्थित. एका घरातून नाही, आख्ख्या इमारतीतून. काहींकडे चित्र साफ गायब, काहींकडे थांबत-अडकत चालू. ए आणि सी मध्ये सगळं ठीक.

लाईनमनचं म्हणणं होतं, "साहेब, नेट चालू आहे म्हणजे फायबर बरोबरच आहे. ईडीएफएचंच काहीतरी असणार." पहिलं वाक्य या धंद्यात सगळेच म्हणतात आणि तेच चुकीचं आहे. दुसरं तर ए आणि सी मध्ये टीव्ही चालू आहे एवढ्यावरूनच बाद होतं.

त्याने मीटर लावून दाखवलाही. बी इमारतीच्या एका फ्लॅटमध्ये ओएनयूची पॅच कॉर्ड काढून साध्या पॉवर मीटरला लावली. मीटर १४९० वर ठेवलेला, आकडा उणे १२.७ डीबीएम. डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी, आणि दर १० डीबीला दहापट फरक. नेटला उणे २७ पर्यंत चालतं, मग हे तर उत्तमच, असा त्याचा हिशोब. पण साध्या मीटरवरचं १४९० चं बटण रंग निवडत नाही. ते फक्त मोजणीचा गुणक बदलतं, डिटेक्टरवर पडणारा सगळा प्रकाश मात्र एकत्रच मोजला जातो. इथे टीव्हीचा प्रकाश डेटापेक्षा कितीतरी पट जास्त, त्यामुळे आकडा जवळजवळ पूर्ण टीव्हीचाच होता. दोन रंग असलेल्या तारेवर तिन्ही तरंगलांब्या वेगळ्या मोजणारा पॉन मीटरच हवा. तो लावल्यावर १५५० वर उणे १३ आणि १४९० वर उणे २४.५ दिसले.

हे आकडे कसे असायला हवे होते? ईडीएफएच्या पोर्टमधून टीव्हीचा प्रकाश अधिक १७ डीबीएमने निघतो. १:४ स्प्लिटर सुमारे ७ डीबी खातो आणि १:१६ सुमारे १४. चार किलोमीटर फायबरचा एक डीबी आणि जॉइंट-कनेक्टरचे दोन धरले तर घरात साधारण उणे ७ यायला हवा. (अधिक १७ म्हणजे ५० मिलिवॅट, डोळ्याला न दिसणारे. कंट्रोल रूममध्ये कनेक्टरच्या तोंडात डोकावून बघायची सवय असेल तर सोडा.) डेटा अधिक ३ ने निघतो, फिल्टरमध्ये एखादा डीबी जातो आणि घरात उणे २२ च्या आसपास पोचतो. म्हणजे डेटाचे अडीच डीबी हरवले होते आणि टीव्हीचे सहा. वाट एकच, तरी तोटा वेगळा.

घाणेरडा कनेक्टर किंवा वाईट जॉइंट सगळ्या रंगांना साधारण सारखाच मारतो. तोटा लांब तरंगलांबीला जास्त आणि आखूड तरंगलांबीला कमी असेल, तर फायबर कुठेतरी नको तेवढं वाकलंय. तरंगलांबी जितकी लांब, तितका प्रकाश त्या काचेच्या धाग्याच्या मधल्या गाभ्याबाहेर जास्त पसरलेला असतो आणि वळणावर तोच आधी निसटतो. याची दुसरी खूण ओएलटीवरच मिळाली. बी इमारतीच्या ओएनयूंकडून १३१० वर येणारी पॉवर जवळजवळ नेहमीचीच होती, फरक अर्ध्या डीबीच्याही आत. १३१० ला काही नाही, १४९० ला थोडं, १५५० ला भरपूर. हा क्रम दिसला की खांबाकडे बघायचं.

खांबाकडे बघितल्यावर कारण दिसलं. गेटपासून बी इमारतीपर्यंतची तार रस्त्याच्या कडेने दोन खांबांवरून जाते. विसर्जनाच्या मिरवणुकीचे रथ आणि देखावे खालून जावेत म्हणून त्या रस्त्यावरच्या सगळ्यांच्या केबल वर ओढून बांधल्या होत्या. मिरवणूक संपली, पण गाठ तशीच राहिली. खात्रीसाठी गेटच्या डब्यातून बी ची तार सोडवून ओटीडीआर लावला, म्हणजे तारेत कुठे किती प्रकाश हरवतो याची रेघ काढून दाखवणारं यंत्र. गेटपासून ९० मीटरवर १३१० च्या रेघेत पायरी जेमतेम दिसत होती. १५५० च्या रेघेत त्याच जागी सहा डीबीचा कडा होता. गाठ सोडून तार मोठ्या वेटोळ्यात बांधली आणि घरातला १५५० चा आकडा उणे ७.१ वर आला.

एक प्रश्न मात्र राहतो. टीव्हीचा प्रकाश उणे १३, डेटाचा उणे २४.५, म्हणजे टीव्हीला डेटाच्या दहा पटींहून जास्त प्रकाश मिळत होता. मग टीव्हीच का गेला? इथे वारंवारतेची वाटणी आडवी येते.

डेटाच्या रिसीव्हरला कुठल्याही क्षणी एवढंच ओळखायचं असतं की प्रकाश जास्त आहे की कमी. टीव्हीचं तसं नाही. १५५० च्या एकाच लेसरची तीव्रता एकाच वेळी पन्नास वाहक लहरींच्या बेरजेने हलत असते. प्रत्येक वाहकाला ८ मेगाहर्ट्झची गल्ली आणि प्रत्येकावर ६४ क्वॅम, म्हणजे लहरीची उंची आणि फेज मिळून ६४ वेगवेगळ्या अवस्था. लेसरच्या एकूण हेलकाव्यातला छोटासा वाटा प्रत्येकाला मिळतो आणि त्या वाट्यातून ६४ अवस्था वेगळ्या ओळखाव्या लागतात. गोंगाटावर मात करायला सिग्नल बराच वर असावा लागतो. त्यात भर म्हणजे फोटोडायोडमधला प्रवाह प्रकाशाच्या प्रमाणात असतो, आणि विजेची पॉवर प्रवाहाच्या वर्गाच्या. म्हणून प्रकाश १ डीबीने घटला की टीव्हीचा आरएफ सिग्नल २ डीबीने घटतो. खांबावरच्या गाठीने प्रकाशाचे सहा डीबी खाल्ले, सेट टॉप बॉक्सला ते बारा लागले. ज्या घरांत कोॲक्स आखूड आणि जॉइंट चांगले होते तिथे चित्र अडकत का होईना चाललं, बाकीच्यांकडे गेलं.

दुसरी तक्रार बरोबर उलटी. टीव्ही सुंदर, नेट आख्ख्या सोसायटीचं गेलेलं. पूर्ण बंदही नाही. ओएलटीवर त्या पोर्टच्या ओएनयू नोंदवल्या जात होत्या, काही क्षणांत गळत होत्या, पुन्हा येत होत्या. तिन्ही इमारतींत तोच खेळ.

डेटाच्या दोन दिशांत वेळेची वाटणी आहे, पण दोन वेगळ्या प्रकारची. घरांकडे जाताना बोलणारा एकच, ओएलटी. ती १२५ मायक्रोसेकंदांची एक चौकट भरते, सेकंदाला ८,००० चौकटी, आणि प्रत्येकीत ३८,८८० बाइट. ती सगळ्या घरांत पोचते आणि प्रत्येक ओएनयू आपल्या क्रमांकाचे तुकडे उचलून बाकीचे टाकून देते. हा १२५ चा आकडा टेलिफोनच्या काळापासून आलाय. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे म्हणून दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक. जुन्या ई-१ लाईनवर त्यातच ३२ ठरीव खाचा असायच्या. तुम्ही बोला की गप्प बसा, तुमची खाच तुमचीच, रिकामी गेली तर गेली. जीपॉनमध्ये खाच ठरीव नाही. मागणी बघून ओएलटी प्रत्येक चौकटीत कमी-जास्त वेळ देते.

घरांकडून येताना मात्र बोलणारे ४८ आणि रस्ता एकच. दोघांनी एकाच वेळी लेसर लावला की ओएलटीवर दोघांचंही वाचता येत नाही. त्यामुळे ओएलटी प्रत्येकाला सांगते, तू अमुक बाइटपासून अमुक बाइटपर्यंत बोल, बाकी वेळ लेसर बंद. अडचण अंतराची. प्रकाश फायबरमध्ये किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद घेतो. सी इमारतीची तार ए पेक्षा ३०० मीटर लांब आहे, म्हणजे जाऊन-येऊन ३ मायक्रोसेकंद उशीर. एवढ्या वेळात १.२४४ गिगाबिटने सुमारे ३,७०० बिट निघून जातात. एकामागून एक येणाऱ्या दोन बोलण्यांमधलं मोकळं अंतर मात्र ३२ बिटांच्या आसपास, म्हणजे सुमारे २६ नॅनोसेकंद. फायबरच्या लांबीत सांगायचं तर पाचेक मीटर. म्हणून ओएनयू नोंदवताना ओएलटी तिचं अंतर मोजते आणि जवळच्यांना मुद्दाम थांबायला लावते. सगळ्या ओएनयू जणू एकाच अंतरावर आहेत असं होतं, तेव्हाच हे वेळापत्रक जमतं.

या सगळ्याची भिस्त प्रत्येक ओएनयूच्या शिस्तीवर. एकीचा जरी लेसर बंद व्हायचा थांबला, तरी बाकी ४७ जणांच्या खाचांत तिचा प्रकाश मिसळतो. वेळेच्या वाटणीत बिघाड एकाचा राहत नाही, तो सगळ्यांचा होतो. टीव्हीला मात्र काहीच होत नाही, कारण हा सगळा गोंधळ १३१० वर चाललाय. ही लक्षणं फोनवर ऐकली की ईडीएफएकडे किंवा खांबाकडे बघायची गरजच नाही.

शोधायची रीत साधी पण कंटाळवाणी. गेटच्या डब्यात ए ची तार काढली, फरक नाही. परत लावली, बी काढली, फरक नाही. सी काढल्याबरोबर ए आणि बी च्या सगळ्या ओएनयू नोंदवल्या जाऊन स्थिर झाल्या. मग सी च्या १:१६ स्प्लिटरचे फाटे एकेक करून. दोषी निघाली ती कुलूप लावून गावाला गेलेल्या कुटुंबाची ओएनयू, आतल्या सॉकेटवर चालूच राहिलेली. तेव्हा नुसता फाटा काढून ठेवला. कुटुंब परत आल्यावर ती ओएनयू थेट मीटरला लावली. धड ओएनयूला ओएलटीचा प्रकाश मिळत नसेल तर ती १३१० वर गप्प बसते, कारण बोलायची परवानगीच आलेली नसते. ही मात्र अखंड अधिक २ डीबीएम ओकत होती. लेसरचा चालक सर्किट जळून कायमचा चालू राहिला होता. डबा बदलला.

तिसरी तक्रार छोटी. ए इमारतीतल्या एका काकूंच्या घरी टीव्ही चालू, नेट चालू, पण "अहो, क्रिकेट छान लागतं, मराठी सिनेमा लावला की नुसते चौकोन चौकोन." त्यांना वाटलं, पॅकेजमध्ये काहीतरी कापलंय. बिघडणाऱ्या वाहिन्यांची यादी घेतली आणि ऑपरेटरच्या फ्रिक्वेन्सी तक्त्याशी ताडली. सगळ्याच्या सगळ्या ७३० मेगाहर्ट्झच्या वरच्या तीन वाहकांवर होत्या.

३१ मार्च २०१३ पर्यंत पुण्याची केबल डिजिटल करायची होती. त्याआधी एक गल्ली म्हणजे एक वाहिनी असा सरळ हिशोब होता. आता त्याच ८ मेगाहर्ट्झमध्ये ६४ क्वॅमवर सुमारे ३८ मेगाबिट मावतात आणि त्यात पंधरा-वीस साध्या किंवा पाच-सहा एचडी वाहिन्यांची १८८ बाइटांची पाकिटं एकामागून एक जातात. म्हणजे टीव्हीच्या प्रत्येक गल्लीच्या आत पुन्हा वेळेचीच वाटणी आहे. म्हणून एक वाहक पडला की वाहिन्या झुंडीने जातात. त्या झुंडीत मराठी सिनेमा आणि भक्तीच्या वाहिन्या एकत्र असणं हा ऑपरेटरच्या मांडणीचा योगायोग, बिघाडाशी त्याचा संबंध नाही.

वरच्याच वारंवारता का? कोॲक्सचा तोटा साधारण वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १०० मेगाहर्ट्झला जो तोटा तो ८०० ला जवळजवळ तिप्पट. काकूंच्या हॉलमधून बेडरूमपर्यंत पंधरा वर्षांपूर्वीची बारीक तार होती आणि मधे दोन तारांची टोकं पीळ मारून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. खालचे वाहक त्यातून निभावले, वरचे नाहीत. नवी आरजी-६ कोॲक्स टाकली, दोन्ही टोकांना कनेक्टर लावले, झालं. इथे बिघाड एका घरापुरता, आणि त्या घरातही पट्ट्याच्या एका टोकापुरता.

यानंतर ऑपरेटरने एक रास्त प्रश्न विचारला. "तीन-तीन भानगडी कशाला? टीव्ही पण नेटवरूनच देऊ. १५५० काढून टाकू, ईडीएफएचा खर्च वाचेल." हिशोब मांडून बघितला. पन्नास वाहक गुणिले ३८ म्हणजे १.९ गिगाबिट. हे सगळं जीपॉनच्या २.४८८ मध्ये ओतलं तर नेटला फारसं काही उरत नाही. पण सगळं ओतायची गरजच नाही. वारंवारतेच्या वाटणीत प्रत्येक वाहिनी प्रत्येक घरात चोवीस तास वाहते, कुणी बघो न बघो. वेळेच्या वाटणीत मागितलेलीच वाहिनी पाठवता येते. सोसायटीत सत्तरेक टीव्ही धरले, सगळ्यांवर एकाच वेळी वेगवेगळी एचडी वाहिनी आणि प्रत्येकी ८ मेगाबिट, तरी ५६० मेगाबिट होतात. म्हणजे जागा आहे. पण सत्तर सेट टॉप बॉक्स बदलावे लागतील, आणि ती दुसरी तक्रार पुन्हा आली तर नेटबरोबर टीव्हीही जाईल. आज निदान एक चालू असतं, म्हणून लोक शांतपणे फोन करतात. माझं मत १५५० ठेवण्याचं पडलं आणि त्याने सध्या तरी ते मानलं.

नेटचा वेग कमी पडू लागला तर वाट त्याच कोअरवर आहे. एक्सजीएस-पॉन, म्हणजे जीपॉनपुढची जास्त वेगाची पद्धत, जाताना १५७७ आणि येताना १२७० नॅनोमीटर वापरतं, म्हणजे आधीच्या तिन्ही रंगांना हात न लावता दोन नवे रंग आत घालता येतात. त्यासाठी कंट्रोल रूममध्ये आणखी एक फिल्टर बसेल आणि त्याचा एखादा डीबी सगळ्यांनाच द्यावा लागेल. शिवाय १५७७ हे १५५० पेक्षा लांब, म्हणजे खांबावरच्या गाठीला आणखी हळवं. त्यामुळे ती ऑर्डर द्यायच्या आधी दोन कामं ठरली आहेत. गेटपासून तिन्ही इमारतींच्या तारा जी.६५७ए२ प्रकारच्या, कमी त्रिज्येचं वळण सोसणाऱ्या फायबरच्या करायच्या. आणि पुढच्या वर्षी मिरवणुकीसाठी तारा वर बांधल्या की दुसऱ्या दिवशी तिन्ही इमारतींत पॉन मीटरवर १५५० चा आकडा घ्यायचा, तक्रार येण्याची वाट न बघता.